फोन बंद करून चालू केला की मोबाईल डेटा का येत नाही? सिम पिनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यागोत्यातले आणि ओळखीचे लोक फोनच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली ही एक इतक्या वेळा आली की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. घाई असेल तर प्रश्न १ आणि २ वाचा. सिम पिनचे एक-दोन प्रयत्न चुकले असतील, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. फोन रीस्टार्ट केल्यापासून मोबाईल डेटा चालतच नाही. सेटिंगमध्ये तर डेटा चालूच दिसतो. मग गेला कुठे?

डेटा बंद झालेला नाही, तुमचं सिम अजून कुलूपबंद आहे. सिमवर पिन लावलेला असेल तर फोन दर वेळी नव्याने चालू झाल्यावर तो एकदा विचारतो. तो टाकला नाही, किंवा विचारणारी चौकट नकळत बंद केली, तर फोनचं बाकी सगळं चालतं. कॅमेरा उघडतो, गाणी वाजतात, वायफायही जोडता येतं. मोबाईल नेटवर्कशी मात्र त्या सिमचा संबंधच जुळत नाही. डेटाचं बटण ही तुमची निवड आहे आणि फोन ती लक्षात ठेवतो, म्हणून ते चालूच दिसतं. काही फोनांत ते पुसट होतं आणि दाबलं तरी हलत नाही. योग्य पिन टाकला की साधारण अर्ध्या ते एका मिनिटात डेटा आपोआप येतो, वेगळं काही चालू करावं लागत नाही.

२. पण कारण हेच आहे, हे कसं ओळखायचं? डेटा न येण्याची कारणं तर पुष्कळ असतात.

डेटाचा विचार जरा बाजूला ठेवा आणि त्याच सिमवरून एक साधा फोन लावून पाहा. फोन लागला तर सिम उघडलेलं आहे आणि अडचण दुसरीकडे आहे: डेटाचं बटण, संपलेला पॅक, फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी एपीएन नावाची सेटिंग किंवा नेटवर्कची गर्दी. फोन लागतच नसेल, रेंजच्या दांड्या दिसत नसतील, आणि वरच्या पट्टीत किंवा लॉक स्क्रीनवर 'सिम लॉक आहे', 'सिम पिन टाका' किंवा 'फक्त आपत्कालीन कॉल' असं काही लिहिलं असेल, तर कारण बहुधा हेच. 'फक्त आपत्कालीन कॉल' हे रेंज नसलेल्या ठिकाणीही दिसू शकतं, म्हणून कुलपाचा उल्लेख कुठे आहे का ते नीट पाहा.

फोनमध्ये दोन सिम असतील तर ही परीक्षा फसवते. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. सिम पिन म्हणजे स्क्रीन उघडायचा पिनच ना?

नाही, आणि बहुतेक नुकसान याच गैरसमजातून होतं. स्क्रीनचा पिन फोनचा असतो आणि फोनमधल्या गोष्टी राखतो. सिम पिन त्या चिमुकल्या कार्डाचा असतो. तो कार्डातच साठवलेला असतो आणि कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी बरोबर जातो. सिम पिन ४ ते ८ आकडी असतो, त्यात अक्षरं नसतात. चुकीच्या प्रयत्नांची मोजणीसुद्धा कार्डच करतं. म्हणून फोन बंद-चालू करून, बॅटरी काढून किंवा फोन बदलून ती मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही.

अँड्रॉइडवर सिम पिनची चौकट बऱ्याचदा स्क्रीन लॉकच्या आधी येते आणि हुबेहूब त्याच्यासारखीच दिसते. हात सवयीने स्क्रीनचा पिन टाकून मोकळे होतात. आकडे दाबण्याआधी चौकटीवर 'सिम' हा शब्द आहे का, एवढं वाचा.

तिसरं एक कुलूपही असतं. हप्त्यावर किंवा करारावर घेतलेला फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालावा म्हणून लावलेलं. त्यालाही लोक 'सिम लॉक'च म्हणतात. ते फोनचं असतं, त्याचा कोड वेगळा असतो, आणि या पानावरचं काहीही त्याला लागू होत नाही.

४. पिन टाकला नाही म्हणून डेटा का अडावा? डेटा तर कंपनीकडून येतो.

कंपनी डेटा देते, पण आधी तिला तुम्ही कोण ते कळावं लागतं. तुमची ओळख, म्हणजे आयएमएसआय नावाचा क्रमांक, सिममध्ये असते आणि पिन टाकेपर्यंत कार्ड तो क्रमांक फोनला वाचूच देत नाही. दुसरी गोष्ट, नेटवर्क प्रत्येक सिमला एक कोडं घालतं. सिम आतल्या गुप्त किल्लीने ते सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. पिनशिवाय कार्ड हे गणितही करायला नकार देतं. ओळख नाही, उत्तर नाही, म्हणजे नोंदणी नाही. आणि नोंदणीच नसली की डेटा, कॉल, एसएमएस यातलं काहीच मिळत नाही.

यावरून आणखी एक खुलासा होतो. पिन न टाकता एपीएनची यादी उघडली तर ती रिकामी दिसते किंवा उघडतच नाही, आणि लोक घाबरून एपीएन हाताने भरू लागतात. कोणती एपीएन वापरायची हे फोन त्या ओळख-क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरवतो, आणि तो क्रमांकच अजून त्याच्या हाती आलेला नसतो. काही भरू नका. कुलूप उघडलं की यादी परत दिसेल.

आपत्कालीन कॉल मात्र पिनशिवायही लागू शकतो, कारण त्यासाठी ओळख पटण्याची अट नसते. म्हणूनच पडद्यावर नेमके तेच शब्द दिसतात.

५. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. फोन येतात-जातात, फक्त डेटा नाही. मग सिम लॉक कसं असेल?

मला सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मावशीचं उदाहरण घ्या. तिच्या फोनमध्ये सिम १ वर रोजचे फोन आणि सिम २ वर डेटा. सिम २ आधी तिच्या मुलाच्या जुन्या फोनमध्ये होतं आणि त्याने तिथे पिन लावला होता. रात्री बॅटरी पूर्ण उतरली. सकाळी चार्जिंगला लावून तिने फोन चालू केला, तेव्हा पडद्यावर आकडे मागणारी चौकट आली. तिने नेहमीचा स्क्रीनचा पिन टाकला. चौकटीने 'चुकीचा' म्हटलं, तिने मागे जायचं बटण दाबलं, पुढे स्क्रीन लॉक आला, तोच पिन तिथे चालला. तिच्या दृष्टीने फोन उघडला होता, विषय संपला होता.

दिवसभर डेटा नाही. सिम १ वर फोन येत होते, त्यामुळे सिमचा संशय कुणालाच आला नाही. तिने डेटाचं बटण बंद-चालू केलं, विमान मोड लावून काढला, आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून नेटवर्क सेटिंग रीसेट केली. त्याने डेटा तर आला नाहीच, उलट घरच्या वायफायचा साठवलेला पासवर्डही पुसला गेला.

संध्याकाळी मी फोन हातात घेतला तेव्हा वरच्या पट्टीत रेंजची दोन चिन्हं होती. एकात दांड्या भरलेल्या, दुसरं रिकामं. सेटिंगमध्ये सिमच्या यादीत सिम २ समोर कंपनीचं नाव नव्हतं, लॉक असल्याची सूचना होती. मी फोन रीस्टार्ट केला. चौकट पुन्हा आली, तिच्यावर 'सिम २' असं लिहिलेलं होतं आणि खाली उरलेले प्रयत्न: २. म्हणजे सकाळी टाकलेला स्क्रीनचा पिन एक प्रयत्न खाऊन बसला होता. मी काहीही टाकलं नाही. मावशीच्या मुलाला फोन करून पिन विचारला, तो टाकला, आणि अर्ध्या मिनिटात डेटा आला. डेटाचं बटण सकाळपासून चालूच होतं.

तेव्हा दोन सिमच्या फोनमध्ये 'फोन लागतो का' एवढंच विचारू नका. डेटासाठी निवडलेल्या सिमवरूनच फोन लावून पाहा. दोन्ही सिमना पिन असतील तर फोन एकामागून एक दोनदा विचारतो. पहिला टाकल्यावर दुसरी चौकट 'तीच पुन्हा आली' असं समजून बंद करणारे खूप आहेत.

६. मी दोनदा चुकीचा पिन टाकला आहे. आता काय करू?

थांबा. तिसरा अंदाज लावू नका. सिम पिनचे प्रयत्न तीन असतात. तिसराही चुकला की सिम पिन मागणं सोडून पीयूके मागू लागतं. तो ८ आकडी कोड असतो आणि त्याचे प्रयत्न दहा. दहाही चुकले तर ते कार्ड कायमचं निकामी होतं, आणि त्याच क्रमांकाचं नवं सिम कंपनीकडून घ्यावं लागतं.

एक प्रयत्न उरला असताना करायची गोष्ट एकच, खरा पिन शोधणं. सिम ज्या मोठ्या प्लास्टिकच्या पत्त्यातून मोडून काढलं होतं त्यावर किंवा सोबतच्या कागदावर मूळ पिन आणि पीयूके बहुधा छापलेले असतात. मात्र नंतर कुणी पिन बदलला असेल तर छापलेला पिन चालणार नाही. छापलेला पीयूके चालतो, कारण पीयूके तुम्हाला बदलताच येत नाही. पिन सापडलाच नाही तर आधी पीयूके हाती घ्या (प्रश्न ७) आणि मगच पुढचं पाऊल टाका.

योग्य पिन एकदा टाकला की मोजणी पुन्हा तीनवर येते. आधीच्या चुकांचा भार राहत नाही. प्रयत्न न करता नुसतं रीस्टार्ट केल्याने मोजणी कमी होत नाही, म्हणून चौकट पुन्हा पाहण्यासाठी फोन बेलाशक रीस्टार्ट करा.

७. आता पीयूके मागतोय. तो कुठे मिळतो आणि कसा टाकायचा?

कागदावर नसेल तर तो सिम देणाऱ्या कंपनीकडेच असतो. तिच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवरच्या खात्यात, हेल्पलाइनवर किंवा दुकानात ओळख पटवून मिळतो. बंद पडलेल्या सिमवरून हेल्पलाइन लागणार नाही, आणि खात्यात शिरायचा ओटीपी त्याच सिमवर येत असेल तर ती वाटही बंद. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला. पीयूके फक्त कंपनीच देऊ शकते. इंटरनेटवर 'पीयूके शोधून देतो' म्हणणाऱ्यांकडे तो असणं शक्यच नाही.

कोड मिळाल्यावर फोन आधी पीयूके आणि मग नवा पिन दोनदा विचारतो. चौकट दिसत नसेल तर डायलरमध्ये हे टाकूनही बहुतेक फोनांवर काम होतं:

```
**05*पीयूके*नवापिन*नवापिन#
```

शब्दांच्या जागी आकडे घाला. नवा पिन लगेच कुठेतरी लिहून ठेवा, पण फोनच्या कव्हरमध्ये नको.

८. चौकट मी बंद केली. आता पिन टाकायला ती परत कशी आणायची?

रीस्टार्ट करणं सगळ्यात खात्रीचं. आयफोनवर सिम लॉक असल्याची सूचना 'ओके' दाबून बाजूला सारता येते, आणि नेमकं तेच बरेच जण करतात. तिथे रीस्टार्ट न करताही सेटिंगमधल्या मोबाईल डेटाच्या विभागात, दोन सिम असतील तर ते ठरावीक सिम निवडून, 'सिम पिन' या ओळीतून कुलूप उघडता येतं. अँड्रॉइडवर जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत 'सिम' टाइप करून पाहा. अनेक फोनांत तिथून सिम बंद-चालू करता येतं, आणि चालू करताना चौकट पुन्हा येते.

९. मी फोन बंद केलाच नव्हता. मग पिन का मागितला?

तुम्ही केला नसेल, फोनने स्वतः केला असेल. रात्री अपडेट बसवून फोन आपोआप रीस्टार्ट होतो आणि सकाळी उठेपर्यंत सिम कुलूपबंद असतं. बॅटरी पूर्ण उतरली किंवा सिमचा ट्रे उघडला तरी तेच. कार्डाची वीज गेली की 'पिन टाकून झाला आहे' ही गोष्ट कार्ड विसरतं.

काही अँड्रॉइड फोन आपोआप होणाऱ्या अपडेटच्या वेळी पिन तेवढ्यापुरता सुरक्षित जपून ठेवतात आणि चालू झाल्यावर स्वतःच सिमला देतात. त्यामुळे एकाच फोनने कधी पिन मागावा आणि कधी मागू नये, असंही घडतं. त्यात बिघाड काही नाही.

विमान मोडने बहुतेक फोनांत सिमची वीज जात नाही, त्यामुळे पिन मागितला जात नाही. काही फोनांत ती जाते आणि तिथे विमान मोड काढल्यावरही चौकट येते.

१०. दिवसभर सिम लॉक होतं. त्या वेळचे मेसेज आणि फोन गेले का?

एसएमएस कंपनीकडे थांबून राहतात आणि सिम उघडलं की येतात, पण प्रत्येकाला मुदत असते आणि ती उलटली तर तो मिळत नाही. ओटीपी आला तरी शिळा झालेला असतो, नवा मागवा. ज्यांनी फोन केला त्यांना तुमचा फोन बंद असल्याचं ऐकू आलं असेल. असे कॉल फोनच्या यादीत मिस्ड कॉल म्हणून दिसत नाहीत, कारण ते फोनपर्यंत पोहोचलेलेच नसतात. इंटरनेटवरून येणारे मेसेज वायफायवर येतच असतात, आणि म्हणूनच घरात बसलेल्या माणसाला सिम लॉक असल्याचा पत्ता बाहेर पडेपर्यंत लागत नाही.

११. मग हा पिन काढूनच टाकू का?

माझं मत: स्वतःच्या रोजच्या फोनमधल्या सिमवर पिन ठेवा, पण तो पाठ असेल तरच. फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी वाचतो. त्याला अडवणारी गोष्ट हा पिनच आहे, स्क्रीनचा पिन तिथे काहीच करू शकत नाही. याची दुसरी बाजूही खरी आहे. चोराने तुमचा फोन रीस्टार्ट केला तर पिनअभावी फोनला डेटा मिळणार नाही, आणि नकाशावर फोन शोधायची सोय मोबाईल डेटावर अवलंबून असेल तर ती थांबेल. दोन्हींत मला ओटीपी अधिक मोलाचा वाटतो.

घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनमध्ये मी उलट करतो. तो पिन त्यांना आठवणार नसेल तर रीस्टार्टनंतर त्यांचा फोन मुका होतो, आणि त्यांच्यासाठी तो धोका मोठा आहे. ज्या ठिकाणी पिन लावायची सोय आहे तिथूनच तो काढता येतो, फक्त काढतानाही चालू पिन एकदा द्यावा लागतो.

१२. मी पहिल्यांदाच पिन लावायला गेलो. मनात ठरवलेला आकडा टाकला, तर म्हणे 'चुकीचा पिन'. नवाच तर लावतोय!

इथे पुष्कळ जण अडखळतात. कुलूप बंद असलं तरी सिममध्ये पिन आधीपासूनच असतो, कंपनीने घातलेला. 'सिम लॉक करा' हे बटण दाबल्यावर फोन तो जुना पिन विचारतो, नवा नाही. तुम्ही टाकलेला आकडा चुकीचा प्रयत्न म्हणून मोजला जातो, आणि तीन वेळा तसं केलं की चालतं-बोलतं सिम पीयूके मागू लागतं. आधी मूळ पिन कागदावरून किंवा कंपनीकडून मिळवा, तो टाकून लॉक चालू करा, आणि मग 'पिन बदला' मधून स्वतःचा ठेवा. '१२३४' किंवा '००००' असेलच अशा अंदाजावर प्रयत्न घालवू नका.

१३. ई-सिमलाही हे लागू आहे का?

हो. कार्ड दिसत नसलं तरी ई-सिमच्या प्रोफाइललाही तसाच पिन आणि पीयूके असतो, प्रयत्नांचा हिशोबही तोच. कागद मात्र बहुधा नसतो, त्यामुळे पीयूके कंपनीच्या खात्यातून आधीच उतरवून ठेवलेला बरा.

१४. वीज गेली आणि आली. तेव्हापासून सिमवर चालणारा राउटर नेटला जोडतच नाही. हाच घोळ असेल का?

असू शकतो, आणि राउटरला पडदा नसल्याने तो लवकर सापडत नाही. एरवी पिन असलेल्या फोनमधलं सिम राउटरमध्ये घातलं, कुणीतरी एकदा पिन टाकला आणि महिनोन्महिने सगळं सुरळीत चाललं. वीज गेल्यावर कार्ड पुन्हा कुलूपबंद, आणि पिन द्यायला समोर कुणीच नाही. राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडून सिमची स्थिती पाहा. लिनक्सवर मोडेम जोडलेला असेल तर या आज्ञेने कळतं:

```
mmcli -m 0
```

उत्तरात `state: locked` आणि `unlock retries` समोर `sim-pin (3)` असं दिसलं तर निदान पक्कं. शून्याच्या जागी तुमच्या मोडेमचा क्रमांक लागेल, तो `mmcli -L` देतं.

राउटरमध्ये पिन साठवायची सोय असते, पण तिथे एक सापळा आहे. नंतर कुणी तो पिन बदलला आणि राउटरमधला तसाच राहिला, तर काही उपकरणं दर वेळी चालू होताना तो चुकीचा पिन स्वतःहून पाठवतात. तीनदा वीज गेली की सिम पीयूकेवर. म्हणून एका जागी बसलेल्या, कुणाच्या हाती सहज न लागणाऱ्या राउटरसाठी मी सिम आधी फोनमध्ये घालतो, तिथे पिन काढतो, फोन एकदा रीस्टार्ट करून चौकट येत नाही याची खात्री करतो, आणि मगच सिम राउटरमध्ये बसवतो.

१५. पिन बरोबर टाकला, चौकटही गेली, तरी डेटा नाहीच. आता?

दोन मिनिटं थांबा, मग प्रश्न २ मधली परीक्षा त्याच सिमवर पुन्हा करा. फोन लागत असेल तर कुलपाचा विषय मिटला आहे. आधीच्या धडपडीत डेटाचं बटण बंद राहिलं का, डेटासाठी दुसरं सिम निवडलं गेलं का, आणि एपीएन हाताने बदलली गेली का, हे तपासा. एपीएन बदलली असेल तर तिच्या यादीतला मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय वापरा. फोनही लागत नसेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथेही पिन टाकल्यावर रेंज येत नसेल तर कार्ड किंवा क्रमांक कंपनीकडून बंद झालेला असण्याची शक्यता आहे, आणि त्याचं उत्तर कंपनीकडेच मिळेल.